रातपाळीला निघालेले बाबा

श्रोतेहो, नमस्कार. स्मृतिभ्रंश, म्हणजे ज्याला आपण सर्रास डिमेन्शिया म्हणतो, तो आजार ज्या घरात आहे तिथल्या माणसांना दिवसापेक्षा रात्रीची धास्ती अधिक वाटते. समुपदेशक म्हणून अशा कुटुंबांशी बोलताना मला हे वारंवार जाणवते. आज त्यांपैकी एका कुटुंबाची हकीकत, त्यांची ओळख उघड होणार नाही अशा बेताने, आपल्याला सांगते.

डोंबिवलीतील एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर हे कुटुंब राहते. वडील पूर्वी परळच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या विभागात, कामाला होते आणि 1982 च्या संपानंतर त्यांची गिरणी सुटली ती सुटलीच. आता वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांना अल्झायमर आहे. सकाळी ते शांतपणे चहा घेत, नातवाशी बोलत. पण संध्याकाळचे पाच वाजले की येरझाऱ्या सुरू होत. "डबा दे, पाळीची वेळ झाली," असे ते सुनेला सांगत. मुलगा म्हणे, "बाबा, गिरणी बंद होऊन किती वर्षे झाली! आता कसली पाळी?" त्यावर ते चिडत आणि अडवणाऱ्याला ढकलून देत. एका रात्री पावणेतीनच्या सुमारास दार उघडे दिसले. बाबा खाली, रस्त्यावरच्या बसथांब्यावर बसलेले सापडले. पायात सुनेच्या चपला होत्या आणि मांडीवर रिकामा डबा होता.

दिवस मावळताना गोंधळ वाढणे हे या आजारात फार वेळा दिसते. दिवस आणि रात्र यांची लय राखणारा मेंदूचा भागही या आजारात बिघडतो. त्यातच दिवसभराचा थकवा आणि मंद प्रकाशातील लांब सावल्या यांची भर पडते, आणि आधीच डळमळीत झालेली काळवेळेची जाण सुटते. मात्र एवढ्यावर थांबू नये. त्या विशिष्ट माणसाला त्या विशिष्ट वेळी काय खुपते आहे, हे शोधावेच लागते. म्हणून मी त्या सुनेला दहा दिवस वहीत नोंद ठेवायला सांगितले: अस्वस्थता किती वाजता सुरू झाली, त्याआधी काय खाल्ले, दुपारी किती झोपले, लघवीला केव्हा गेले, शौचाला झाली का, कुठे दुखते असे काही दिसले का.

दहा दिवसांच्या नोंदींतून बरेच काही उलगडले. बाबा दुपारी एक ते चार गाढ झोपत होते. सहा वाजता त्यांना चहा मिळत होता. रक्तदाबासाठी दिलेली, लघवी वाढवणारी एक गोळी ते रात्री जेवणानंतर घेत होते. त्यामुळे मध्यरात्रीनंतर लघवीच्या जोराने त्यांना जाग येई आणि अंधाऱ्या बोळात संडासाचे दार सापडत नसे; जे दार सापडे ते बाहेरचे असे. एकदा दार उघडून जिना दिसला की पाय आपोआप कामावर निघत. गोळी सकाळी देता येईल का, असे डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांनी ती सकाळी करून दिली. कोणत्याही गोळीची वेळ आपण आपल्या मनाने मात्र बदलू नये. त्याचप्रमाणे झोपेसाठी म्हणून घरातली सर्दीची किंवा ॲलर्जीची गुंगी आणणारी औषधेही देऊ नयेत, कारण त्यांपैकी काही औषधांनी हाच गोंधळ वाढतो आणि माणूस उठताना पडतो.

मग दिनक्रम थोडा बदलला. सकाळी अर्धा तास गच्चीवर उन्हात फेऱ्या, दुपारची झोप अर्ध्या तासाची, आणि तीही लवकर. दुपारनंतर चहा बंद. अंधार पडायची वाट न पाहता पाच वाजताच घरातले सगळे दिवे लावून पडदे ओढले जाऊ लागले, कारण काळोख्या काचेत दिसणारे स्वतःचेच प्रतिबिंब बाबांना कोणी परका माणूस वाटत होता. बिछान्यापासून संडासापर्यंत दोन लहान दिवे रात्रभर जळत राहिले आणि संडासाचे दार उघडेच ठेवले गेले. आतली कडी काढून टाकली, म्हणजे ते आत अडकणार नाहीत.

बाहेरच्या दाराचा विचार नीट करायला हवा. नेहमीच्या कडीकडे हात सवयीने जातो. म्हणून दुसरी कडी दाराच्या अगदी खालच्या टोकाला, नजर सहसा जात नाही अशा जागी बसवली. दारावर भिंतीच्याच रंगाचा पडदा सोडला आणि दाराला घुंगरांची माळ बांधली, जिच्या आवाजाने शेजारच्या खोलीत झोपलेल्या मुलाला जाग येईल. चपला, छत्री आणि तो डबा दारापासून दूर कपाटात गेले, कारण या वस्तू दिसल्या की निघायची आठवण होते. रात्री गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करणे हे सुनेने आपल्याकडे घेतले. एक गोष्ट मात्र मी निक्षून सांगते: माणसाला एकटे ठेवून बाहेरून कुलूप लावू नका. आग लागली किंवा ते पडले, तर त्यांना बाहेर येता येणार नाही.

आता बोलण्याविषयी. "गिरणी बंद झाली" हे खरे असले, तरी बाबांच्या कानाला ते "तुम्ही चुकता आहात" असेच ऐकू येत होते. सून आता समोर उभी राहून वाट अडवत नाही. बाजूने जाऊन, हलक्या आवाजात, एका वेळी एकच वाक्य बोलते. "बाबा, तुम्ही किती साचे सांभाळत होता?" असे विचारले की ते बोलू लागतात. बोलता बोलता ती त्यांच्याबरोबर घरातल्या घरात दोन फेऱ्या मारते, संडासाला जायचे का ते विचारते आणि थोडे कोमट दूध देते. तरीही ते दारापाशी हटून बसले, तर ओढाताण न करता मुलगा त्यांच्याबरोबर खाली उतरतो आणि इमारतीला वळसा घालून त्यांना परत आणतो. परतीच्या वाटेवर जिन्याजवळ पोहोचेपर्यंत पाळीचा विषय बहुधा विरलेला असतो.

एवढे करूनही माणूस निसटू शकतो, म्हणून आधीच तयारी हवी. बाबांच्या प्रत्येक सदऱ्याच्या आतल्या बाजूला मुलाचा फोन नंबर लिहिलेली पट्टी शिवली आहे. अलीकडचा पूर्ण उंचीचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे, आणि इमारतीचा रखवालदार व कोपऱ्यावरचा पानवाला यांना आजाराची कल्पना दिली आहे. माणूस दिसत नाही असे लक्षात येताच प्रथम घर, जिना, गच्ची आणि वाहनतळ पाहावेत, जुन्या सवयीच्या जागा आठवाव्यात, आणि पंधरा मिनिटांत सापडले नाहीत तर 112 वर फोन करावा. चोवीस तास थांबावे लागते ही समजूत चुकीची आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 ही हेल्पलाइनही आहे. परंतु माणूस हरवलेला असताना पहिला फोन पोलिसांनाच करावा.

मध्यंतरी एका आठवड्यात बाबा दोन दिवसांतच एकदम बिघडले. दिवसाही झोपाळलेले, मध्येच भिंतीवर नसलेली माणसे पाहणारे. आजार वाढला असे समजून घरचे गप्प राहिले नाहीत, हे बरे झाले. तपासणीत लघवीचा जंतुसंसर्ग निघाला आणि उपचारांनंतर ते पूर्वपदावर आले. तास-दोन तासांत किंवा एक-दोन दिवसांत झालेला असा अचानक बदल डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावा.

आजही आठवड्यातून एखाद्या रात्री घुंगरे वाजतात. मुलगा आणि सून यांनी रात्री वाटून घेतल्या आहेत, आणि शनिवारी लेक येऊन झोपते, म्हणजे त्या दोघांना एक रात्र सलग झोप मिळते.