रिपोलरायझेशन पंप करत नाही! आणि मण्यार चावल्यावर नेमकं काय बंद पडतं

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली कळव्यापासून नेरूळपर्यंतच्या फर्स्ट इयरच्या मुलांनी एकच प्रश्न विचारलाय. ‘मॅडम, सोडियम आत आल्यावर सोडियम-पोटॅशिअम पंप ते बाहेर काढतो, म्हणूनच रिपोलरायझेशन होतं ना?’

नाही. आज मुख्यतः याच एका ‘नाही’वर बोलायचंय.

आधीचं पटकन उरकते, ते तुम्हाला येतंच. विश्रांतीत पेशीच्या आत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट. पोटॅशिअम आत जास्त, सोडियम बाहेर जास्त. व्होल्टेज उणे ५५ च्या आसपास आलं की सोडियम चॅनल धडाधड उघडतात, सोडियम आत घुसतं, आलेख अधिक ३० पर्यंत चढतो. इथवर कोणी चुकत नाही.

आता उतरण, म्हणजेच रिपोलरायझेशन. साधारण मिलिसेकंदभरात दोन गोष्टी होतात. सोडियम चॅनल इनॅक्टिव्हेट होतात, म्हणजे उघडलेले असतानाच आतून अडतात. आणि उशिरा जागे होणारे पोटॅशिअम चॅनल उघडतात. पोटॅशिअम आपल्या ग्रेडियंटने बाहेर जातं, सोबत धन भार नेतं, म्हणून आतलं व्होल्टेज पुन्हा उणे होतं. नीट बघा, आत आलेलं सोडियम अजून आतच आहे. ते कोणीही बाहेर काढलेलं नाही. व्होल्टेज परत आणलं ते पोटॅशिअमने.

यावर एकाने लिहिलंय, ‘पण मग आतलं पोटॅशिअम संपणार नाही का?’ हा प्रश्न मला फार आवडला, कारण गोंधळाचं मूळ इथेच आहे. आपल्याला वाटतं की ॲक्शन पोटेन्शिअल म्हणजे पेशीतलं सगळं सोडियम-पोटॅशिअम उलटंपालटं होणं. आकडे मांडून बघू. मेम्ब्रेनची कपॅसिटन्स दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ मायक्रोफॅरड असते. व्होल्टेज १०० मिलिव्होल्टने बदलायला तेवढ्या जागेतून सुमारे १ पिकोमोल आयन गेले की पुरतं. आता २० मायक्रोमीटर व्यासाची गोल पेशी धरा, आत १४० मिलिमोलर पोटॅशिअम. गुणाकार-भागाकार केलात तर उत्तर येतं: पेशीतल्या जवळपास पन्नास हजार पोटॅशिअम आयनांमागे एक बाहेर जातो. पन्नास हजारांत एक! प्रत्यक्षात याच्या तिप्पट-चौपट गेले, तरी काँसन्ट्रेशन हलल्याचं जाणवतसुद्धा नाही. ॲक्सॉन अगदी बारीक असेल तर आतली जागा कमी, म्हणून तिथे हे प्रमाण वाढतं आणि सलग इंपल्स गेल्यावर फरक पडू लागतो. पण एका इंपल्सने कधीच नाही.

दुसऱ्या बाजूने बघा. पंप काढूनच टाकला तर? हा प्रयोग झालेला आहे. हॉजकिन आणि कीन्स यांनी १९५५ मध्ये स्क्विड आणि कटलफिशच्या जाड ॲक्सॉनना सायनाइड, डायनायट्रोफेनॉल अशी विषं दिली. एटीपी संपलं, सोडियम बाहेर फेकणं थंडावलं. तरी ॲक्सॉन इंपल्स देतच राहिला, चढणही आणि उतरणही. उतरणीचं काम पंपाकडे असतं तर पहिल्याच इंपल्सनंतर व्होल्टेज वर अडकून बसलं असतं.

तिसरी बाजू. पंपाला हात न लावता पोटॅशिअम चॅनल अडवा. टेट्राइथाइलअमोनिअम नावाचं रसायन ते करतं. पंप ठणठणीत चालू असतानाही स्क्विडच्या ॲक्सॉनमधली उतरण लांबते. सस्तन प्राण्यांच्या मायलिन असलेल्या ॲक्सॉनमध्ये, रॅनव्हिअरच्या नोडवर, हे चॅनल कमीच असतात. तिथे सोडियम चॅनल बंद होणं आणि लीक चॅनलमधून जाणारं पोटॅशिअम यांच्यावर भागतं. पंपावर नाही, तिथेही नाही.

मग पंप कशाला? सोसायटीतला पाण्याचा पंप आठवा. सकाळी नळ सोडता तेव्हा पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, पंप तेव्हा बंद असला तरी येतं. पंप फक्त टाकी भरलेली ठेवतो. आपला पंपही तेच करतो: तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशिअम आत, सावकाश, सतत. सेकंदाला त्याच्या फार तर काहीशे फेऱ्या होतात आणि एका उघड्या चॅनलमधून तेवढ्याच वेळात लाखो आयन जातात. मिलिसेकंदाचं काम त्याच्याकडून कसं होईल?

व्हायवाला ‘आफ्टर-हायपरपोलरायझेशन कशामुळे?’ विचारलं की पुन्हा पंपाचं नाव येतं. कृपा करून नको. पोटॅशिअम चॅनल उशिरा बंद होतात म्हणून व्होल्टेज थोडा वेळ जास्त खाली राहतं, बस.

आता इंपल्स नर्व्हच्या टोकाला पोहोचला. नर्व्ह-मसल जंक्शन घेऊ. इथेही तशीच गल्लत होते: ‘सोडियम आत आलं म्हणून व्हेसिकल फुटली.’ व्हेसिकलला सोडियमशी देणंघेणं नाही. इंपल्समुळे टोकाचं व्होल्टेज चढतं, त्याने कॅल्शिअम चॅनल उघडतात, कॅल्शिअम आत येतं, व्हेसिकल मेम्ब्रेनला जुळते आणि ॲसिटिलकोलीन सुटतं. कॅट्झ आणि मिलेडी यांनी १९६७ मध्ये टेट्रोडोटॉक्सिनने सोडियम चॅनल पूर्ण बंद करून टोकाला थेट विजेने डिपोलराइज केलं. ॲक्शन पोटेन्शिअल नाही, तरी ट्रान्समीटर सुटला, बाहेर कॅल्शिअम होतं म्हणून.

सुटलेलं ॲसिटिलकोलीन मसलवरच्या निकोटिनिक रिसेप्टरला चिकटतं, एंड-प्लेट पोटेन्शिअल तयार होतं, मसल स्वतःचा ॲक्शन पोटेन्शिअल सुरू करतो. कोलिनइस्टरेज उरलेलं ॲसिटिलकोलीन तोडून टाकतं.

हे सगळं एका पेशंटवर लावू. इंटर्नशिपमध्ये, पावसाळ्यात, डोंगराकडच्या पाड्यावरून पहाटे एक तरुण आला होता. जमिनीवर झोपलेला, रात्री काही चावल्याचं आठवत नाही, पोटात दुखतंय, पापण्या उघडत नाहीत, आवाज घोगरा. विचारलं ते सगळं त्याला कळत होतं, बोटं हलवून उत्तर देत होता. अंगावर दाताची खूण शोधूनही सापडली नाही. सिनिअर लगेच म्हणाले, ‘मण्यार.’ अँटिव्हेनम सुरू झालं, पण तासाभरात श्वास अपुरा पडू लागला आणि व्हेंटिलेटर लावावा लागला.

सांगा बरं, त्याचा नर्व्ह इंपल्स कुठे अडला? ॲक्सॉनमध्ये नाही, तिथे सोडियम-पोटॅशिअम नीट चाललंय. मण्यारीच्या विषातलं बीटा-बंगारोटॉक्सिन नर्व्हच्या टोकावर हल्ला करतं. व्हेसिकल संपतात, पुढे टोकच खराब होतं. म्हणजे इंपल्स येतो, पण सोडायला ॲसिटिलकोलीन नाही.

नागाच्या विषात उलट आहे. त्यातली न्यूरोटॉक्सिन मसलच्या बाजूचे रिसेप्टर अडवतात. ॲसिटिलकोलीन सुटतंय, त्याला चिकटायला जागा नाही. पापण्या पडणं, श्वास मंदावणं दोन्हीकडे दिसतं. पण अॅट्रोपीनसोबत निओस्टिग्मीन द्या. ते कोलिनइस्टरेजला अडवतं, ॲसिटिलकोलीन साठतं आणि विषाशी जागेसाठी झुंजतं. नागाच्या दंशात त्यामुळे पापण्या उचलल्या जाऊ शकतात. मण्यारीत फारसा उपयोग होत नाही, कारण जे सुटतच नाही ते साठणार कुठून? अँटिव्हेनमही मोकळं विष बांधतं, बिघडलेली टोकं दुरुस्त करत नाही. ती नव्याने वाढेपर्यंत व्हेंटिलेटर चालू ठेवायचा, कधी काही दिवस, कधी आठवडे. त्या तरुणाला तेच लागलं, आणि तो चालत घरी गेला.

म्हणून व्हायवाला ‘निओस्टिग्मीन मण्यारीत का चालत नाही?’ आलं, तर पाठ केलेलं वाक्य नको. टोकापासून सुरू करा: कॅल्शिअम, व्हेसिकल, ॲसिटिलकोलीन, रिसेप्टर. विष यातली कोणती पायरी तोडतं ते सांगा, औषध कोणत्या पायरीवर काम करतं ते सांगा. उत्तर त्यातच येतं.