विहिरीचं पाणी आणि माझा नोकरीचा अर्ज

(दृश्य : चोपडा तालुक्यातली केळीची बाग, ठिबकच्या नळ्या, मागे सातपुड्याची निळी रेघ. विहिरीवर मोटार चालू.)

ही आमची विहीर, आणि माझ्या हातातला हा कागद म्हणजे पाणी तपासणाऱ्या एका लॅबला लिहिलेला नोकरीचा अर्ज. या दोघांचा संबंध काय तेच या व्हिडिओत सांगतेय, कारण हा अर्ज मी दोनदा लिहिलाय आणि दुसऱ्यांदा लिहिताना ही विहीर त्यात आली.

पहिला अर्ज चार ओळींचा होता. मी बीएस्सी केमिस्ट्री झालेय, मला टायट्रेशन आणि स्पेक्ट्रोफोटोमेट्रीचं ज्ञान आहे, मी मेहनती आहे, संधी द्यावी ही विनंती. कॉलेजच्या लॅबमधल्या दादांना दाखवला, त्यांची तिथे वीसेक वर्षं गेलीत. त्यांनी वाचला आणि म्हणाले, ताई, यातून तुम्ही ब्युरेट हातात धरलंय का तेच कळत नाही, हे तर तुमच्या वर्गातला कोणीही लिहील. तुम्ही काय केलं ते लिहा, किती मिली घेतलं ते लिहा, आणि जिथे चुकलात ते आधी लिहा.

घरी येऊन प्रोजेक्टची वही काढली आणि पहिल्यापासून लिहायला बसले.

(दृश्य : वहीची पानं, एका पानावर पिवळा डाग.)

अर्जातला पहिला परिच्छेद वाचते. "तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये मी आमच्या शेतातल्या विहिरीच्या पाण्याचा एकूण कठीणपणा ईडीटीए टायट्रेशनने तपासला. मोटार पाच मिनिटं चालू ठेवून, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून नमुना घेतला आणि बर्फाच्या डब्यातून त्याच दिवशी लॅबमध्ये नेला."

तो बर्फाचा डबा म्हणजे लग्नातल्या आइस्क्रीमचा थर्माकोलचा डबा, पण अर्जात एवढं लिहायची गरज नाही. मे महिना होता, बसमध्ये पाऊण तास, आणि नायट्रेट तपासायचं असेल तर पाणी गरम होऊ द्यायचं नसतं, त्यातले जीवाणू नायट्रेट खातात किंवा बनवतात, मग लॅबमध्ये तुम्ही जे मोजता ते विहिरीतलं उरत नाही.

कठीणपणा किती असेल याचा अंदाज घरात सगळ्यांना होताच, पातेल्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. तरी आकडा काढायचा म्हणजे नीटच काढायचा. पन्नास मिली पाणी घेतलं, त्यात पीएच 10 वर धरून ठेवणारं अमोनिया बफर टाकलं, रंग बदलून दाखवायला चिमूटभर ईबीटी, म्हणजे एरिओक्रोम ब्लॅक टी. पाणी वाइनसारखं लाल झालं. आता कठीणपणा आणणाऱ्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणारं ईडीटीए ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचं आणि लालसर छटा पूर्ण जाऊन स्वच्छ निळा रंग आला की थांबायचं, पुस्तकात एवढंच असतं.

माझा निळा आलाच नाही. जांभळा आला आणि जांभळाच राहिला, अजून एक मिली टाकलं तरी जांभळाच, मग हळूहळू निळसर, म्हणजे एंड पॉइंट नेमका कुठे म्हणायचा हेच कळेना. तीन वेळा केलं आणि तीन वेगळे आकडे आले. मला वाटलं माझा हातच खराब आहे.

(दृश्य : बफरची बाटली, झाकण सैल.)

दादांनी फक्त बफरची बाटली नाकाशी नेली आणि म्हणाले, वास कुठंय याला? जळगावकडच्या उन्हाळ्यात, लॅबमध्ये पंखा बंद, बाटलीचं बूच सैल, अमोनिया उडून गेलेला. पीएच पेपर बुडवला तर 9 च्याही खाली. पीएच उतरला की ईडीटीएची मॅग्नेशियमवरची पकड सैल होते आणि रंग एकदम पलटत नाही, ओढत राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ताजं बफर बनवलं आणि पहिल्याच फ्लास्कला एका थेंबात लालचा निळा झाला. मी तो फ्लास्क बराच वेळ उजेडात धरून बघत होते.

आणखी एक गोष्ट तेव्हाच शिकले. बफर टाकल्यावर पाच मिनिटांत टायट्रेशन संपवायचं, कारण पीएच 10 ला कॅल्शियम कार्बोनेट हळूहळू खाली बसायला लागतं. आमच्या पाण्याला पन्नास मिलीसाठी पंचवीसच्या आसपास मिली ईडीटीए लागत होतं, पाच मिनिटांत ते सावकाश टाकणं होत नाही. मग 25 मिली नमुना घेऊन डिस्टिल्ड वॉटरने 50 केला. 12.3 मिली लागलं. तीन वेळा केलं, 12.3, 12.3, 12.4.

आता इथे बरेच जण सरळ गुणाकार करून मोकळे होतात. 0.01 मोलर ईडीटीएचा एक मिली म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, नमुना 25 मिली म्हणून 40 ने गुणायचं, उत्तर 492. पण बाटलीवर 0.01 लिहिलंय म्हणून ते 0.01 असतंच असं नाही. मी आधी स्टँडर्ड कॅल्शियमचं द्रावण घेऊन ईडीटीए तपासलं होतं, दहा मिलिग्रॅमला दहा मिली लागायला हवं तिथे 10.2 लागलं, म्हणजे आमचं ईडीटीए किंचित फिकं. फॅक्टर 0.98. तेव्हा खरं उत्तर 482 मिलिग्रॅम प्रति लिटर. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, कठीणपणाची मर्यादा 200 आहे, दुसरं पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. आमचं पाणी या दोघांच्या मधे.

हे सगळं मी अर्जात लिहिलंय, सैल बूच आणि फॅक्टरसकट.

(दृश्य : केळीच्या खोडाशी खताची गोणी. मग स्पेक्ट्रोफोटोमीटरचं झाकण उघडतं.)

दुसरा परिच्छेद लिहायला मला तीन दिवस लागले, कारण त्यात जी चूक आहे ती आमच्या घराची आहे.

केळीला युरिया भरपूर जातो, ठिबकमधूनही जातो, आणि पिकाने न उचललेला नायट्रोजन नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खाली झिरपतो, म्हणून नायट्रेट बघायचं ठरवलं. पाण्यात थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकतात, म्हणजे कठीण पाण्यातल्या कार्बोनेटचा त्रास होत नाही, आणि 220 नॅनोमीटरला अब्सॉर्बन्स, म्हणजे पाणी किती प्रकाश शोषतं ते, बघतात. इथे नमुना ठेवायची क्युवेट क्वार्ट्झचीच लागते, साधी काच या लांबीचा प्रकाश स्वतःच गिळते. आमच्याकडे क्वार्ट्झची एकच जोडी होती, कपाटात कुलपात, ती मिळायला अर्ज द्यावा लागला, तोही मी दिला.

पहिलं रीडिंग आलं 3 च्या वर. मशीन एवढ्या वर गेलं की तो आकडा मोजमाप राहत नाही, डिटेक्टरपर्यंत प्रकाशच जवळपास पोचत नाही. म्हणून 5 मिली पाणी घेऊन 50 केलं, दहापट पातळ. आता 220 ला 0.436. मग 275 नॅनोमीटरला बघायचं, तिथे नायट्रेट जवळपास काही शोषत नाही, पण पाण्यात कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचं काही असेल तर ते दिसतं. तिथे आलं 0.008. त्याची दुप्पट 0.016 वजा केली, राहिलं 0.420. ही वजाबाकी 220 च्या रीडिंगच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त निघाली असती तर ही पद्धतच त्या पाण्याला लागू नाही असं समजून दुसरी घ्यावी लागली असती, आमच्याकडे ती चार टक्क्यांच्या आतच होती.

प्रमाण माहीत असलेल्या स्टँडर्ड द्रावणांवरून काढलेल्या माझ्या रेषेचा चढ होता 0.25, म्हणजे 0.420 ला 1.68, आणि दहापट पातळ केलं होतं म्हणून 16.8 मिलिग्रॅम प्रति लिटर. नायट्रेटची मर्यादा 45. मी वहीत लिहिलं, "पाणी योग्य."

संध्याकाळी घरी फोन केला. मायने विचारलं, "पानी चांगलं शे ना?" मी म्हटलं, हो माय, कठीण आहे पण चांगलं आहे.

(दृश्य : काही सेकंद फक्त विहिरीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज.)

दुसऱ्या दिवशी दादा माझी वही चाळत होते, त्यांनी स्टँडर्डच्या बाटलीचं लेबल मोठ्याने वाचायला लावलं. त्यावर लिहिलं होतं, नायट्रेट ॲज एन. म्हणजे माझे सगळे आकडे नुसत्या नायट्रोजनचे होते, आणि ते 45 आहे अख्ख्या नायट्रेटचं, ऑक्सिजनसकट. एकातून दुसऱ्यात यायला 4.43 ने गुणायचं असतं. 16.8 चे झाले 74.4.

45 च्या कितीतरी वर, आणि नायट्रेटला कठीणपणासारखी "दुसरं पाणी नसेल तर चालेल" अशी सवलत नाही. माझ्या वहिनीचं बाळ तेव्हा चार महिन्यांचं होतं, वरच्या दुधाची पावडर याच पाण्यात कालवत होते. एवढ्या लहान बाळाच्या रक्तात नायट्रेटमुळे ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद कमी होऊ शकते, बाळ निळं पडतं. बाळाला काही झालं नव्हतं. पण मी तिथून पळतच बाहेर आले आणि फोन लावला. माय म्हणाली उकळून घेऊ, मी म्हटलं नको, उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते जास्त दाट होतं. त्या दिवसापासून पिण्याचं पाणी गावच्या नळाचं, तेही आधी तपासून घेतलं.

मग मी ते पाणी पुन्हा तपासलं. आकडा बरोबर आहे का हे कळावं म्हणून पातळ केलेल्या नमुन्यात मोजून लिटरला 1.00 मिलिग्रॅम एवढं नायट्रेटचं नायट्रोजन वरून टाकलं, 1.68 चं 2.68 व्हायला हवं होतं, आलं 2.64. टाकलेल्यातलं 96 टक्के परत मिळालं. तेव्हा कुठे त्या 74.4 वर सही केली.

(दृश्य : टेबलावर अर्ज, शेजारी वही.)

आता शेवटचा परिच्छेद वाचते. "मी जीवाणू तपासणी केलेली नाही. जड धातूंसाठीचं ॲटॉमिक अब्सॉर्प्शनचं यंत्र फक्त पाहिलेलं आहे, चालवलेलं नाही. रिपोर्टमध्ये एकक कोणतं आहे आणि मर्यादा कोणत्या एककात आहे, हे मी प्रत्येक वेळी दोघांचं लेबल वाचून तपासते. सोबत वहीतल्या संबंधित पानाची झेरॉक्स जोडली आहे. आपली विश्वासू."

झेरॉक्स त्याच पानाची आहे. त्यावर "पाणी योग्य" लिहिलेलं दिसतं, त्यावर मारलेली आडवी रेघ, बाजूला तारीख, माझी सही, आणि खाली दुसरा आकडा.