मिश की मिर?

नमस्कार श्रोतेहो.

जर्मन भाषेच्या ए-वन परीक्षेत बोलण्याचा भाग असतो आणि त्याची सुरुवात स्वतःची ओळख करून देण्यापासून होते. नाव, वय, गाव, भाषा, छंद, असं काही. मी कितीतरी वर्षं विद्यार्थ्यांकडून या भागाची तयारी करून घेते आणि दर तुकडीत कोणीतरी पहिल्याच वाक्यात अडखळतं. म्हणायचं असतं, ‘इश मोष्टे मिश फोरश्टेलेन’, म्हणजे मला माझी ओळख करून द्यायची आहे. तोंडातून मात्र येतं, ‘इश मोष्टे मिर फोरश्टेलेन’. एकच अक्षर बदललं, पण ऐकणारा जर्मन माणूस आता वाट पाहत राहतो. कारण या दुसऱ्या वाक्याचा अर्थ होतो, ‘मला कल्पना करायची आहे’, आणि कशाची कल्पना, ते अजून सांगायचंच राहिलं आहे.

आज मला या मिश आणि मिर यांच्याबद्दलच बोलायचं आहे. जर्मनमध्ये काही क्रियापदांबरोबर ‘स्वतःला’ या अर्थाचं सर्वनाम येतं. ते कधी मिश होतं आणि कधी मिर, हा आपला प्रश्न.

तुम्हाला शाळेतला विभक्तीचा तक्ता आठवत असेल. द्वितीया: स, ला, ते, स, ला, ना, ते. मग चतुर्थी: पुन्हा स, ला, ते, स, ला, ना, ते. तेव्हा हमखास कोणीतरी विचारायचं, ‘बाई, दोन्ही सारख्याच आहेत तर वेगळ्या कशाला?’ उत्तर मिळायचं की प्रत्यय सारखे असले तरी काम वेगळं आहे. ‘आईनं मला पाहिलं’ यातलं ‘मला’ हे कर्म, पाहण्याची क्रिया थेट माझ्यावर झाली. ‘आईनं मला लाडू दिला’ यात दिला गेला तो लाडू, आणि मी तो मिळणारी. मराठीनं दोन्ही कामांना ‘मला’ हा एकच शब्द ठेवला. जर्मननं दोन ठेवले. पाहिलं ते मिश, दिलं ते मिर. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना हे नवं वाटणार नाही. तिथेही माम् आणि मह्यम् वेगळेच आहेत. तेव्हा आपली अडचण व्याकरण न कळण्याची नाही. आपल्या कानाला दोन्हीकडे एकच ‘मला’ ऐकण्याची सवय आहे, एवढंच.

आता अंघोळीपाशी येऊ. ‘इश वाशे मिश’ म्हणजे मी स्वतःला धुते, अंग धुते. धुतली जाणारी मीच, म्हणजे कर्म मीच, म्हणून मिश. पण हात धुवायचे असतील तर? ‘इश वाशे मिर दी हेंदे.’ हेंदे म्हणजे हात. आता धुतले जातात ते हात. कर्माची जागा हातांनी घेतली, आणि वाक्यात ती जागा एकच असते. मग ‘मी’ कुठे जाणार? मी चतुर्थीत सरकते, मिर होते. हात धुतले गेले ते मला, माझ्यासाठी, माझे.

हे पटत नसेल तर स्वतःच्या जागी दुसऱ्या कोणाला तरी ठेवून पाहा. एखादं लहान मूल घ्या. मुलाला अंघोळ घालायची तर ‘इश वाशे दास किंट’. मुलाचे हात धुवायचे तर ‘इश वाशे देम किंट दी हेंदे’. दास किंट ही द्वितीया आणि देम किंट ही चतुर्थी, इथे फरक स्वच्छ कानावर पडतो. मुलाच्या जागी पुन्हा स्वतःला आणलं की दासच्या जागी मिश येतो आणि देमच्या जागी मिर. वर्गात कोणी अडलं की मी आधी हेच करायला लावते, नियम नंतर.

दात घासताना आपली आणखी एक सवय आड येते. मराठीत आपण ‘मी दात घासले’ म्हणतो. कोणाचे दात, हे सांगायची गरजच वाटत नाही. म्हणून आपले विद्यार्थी ‘इश पुत्से दी त्सेने’ म्हणून मोकळे होतात. इंग्रजीतून जर्मनकडे आलेले ‘माझे दात’ असं धरून ‘माइने त्सेने’ म्हणतात. दोन्ही वाक्यं समजतात, पण पहिलं अपुरं वाटतं आणि दुसरं परकं. जर्मन माणूस म्हणेल, ‘इश पुत्से मिर दी त्सेने’. दातांपुढे नुसतं उपपद, आणि मालकी कोणाची ते सांगण्याचं काम मिरकडे. शरीराचे अवयव आणि अंगावरचे कपडे यांच्या बाबतीत हीच रीत आहे. ‘इश त्सीए मिश आन’ म्हणजे मी कपडे घालते. पण जॅकेट घालायचं म्हटलं की ‘इश त्सीए मिर दी याके आन’.

हा फरक ऐकू येतो तो फक्त ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यात. मिश–मिर, दिश–दिर. ‘आम्ही’ला दोन्हीकडे उन्स, ‘तुम्ही’ला दोन्हीकडे ऑइश, आणि तो, ती, ते यांना दोन्हीकडे झिश. म्हणजे ‘तो दात घासतो’ हे सांगताना चूक करायची म्हटली तरी करता येत नाही. कित्येक जण म्हणूनच दीर्घकाळ अंधारात राहतात. पुस्तकातले धडे त्याच्याबद्दल आणि तिच्याबद्दल असतात, झिश सगळीकडे चालून जातो, आणि पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलायची वेळ आली की पाय घसरतो. तेव्हा नवं क्रियापद पाठ करताना ते ‘मी’ लावूनच पाठ करा. शब्दकोशातलं झिशचं रूप तुम्हाला विभक्ती कळू देत नाही.

हा झिश पूर्वी असा दोन्हीकडे नव्हता, आणि हे मला फार आवडतं. जुन्या जर्मनमध्ये तो फक्त द्वितीयेचा होता. चतुर्थीत ‘त्याला’ या अर्थाचा साधा शब्दच स्वतःसाठीही वापरत. मार्टिन लूथरच्या १५४५ च्या बायबलमध्ये देवानं माणूस घडवला तो ‘इम त्सुम बिल्दे’, म्हणजे त्याला, स्वतःला प्रतिमा म्हणून. आजचा लेखक तिथे झिश लिहील. पुढे झिशनं ती जागाही व्यापली आणि तिसऱ्या पुरुषातला फरक कानाआड गेला.

आता सुरुवातीच्या फोरश्टेलेनकडे परत येऊ. ‘इश श्टेले मिश फोर’ यात पुढे मांडली जाते ती मी, म्हणजे ओळख. ‘इश श्टेले मिर दास फोर’ यात मी माझ्यापुढे काहीतरी मांडते, मनातल्या मनात, म्हणजे कल्पना. क्रियापद तेच, मांडण्याची क्रियाही तीच. मांडलं काय जातं, एवढ्यावर मिश की मिर ठरतं. संस्कृतवाल्यांना इथे आत्मनेपद आठवेल. ‘आत्मने’ हा शब्द स्वतः चतुर्थीतलाच आहे, स्वतःसाठी. क्रियेचं फळ कर्त्याकडेच येतं, ही कल्पना मिरमध्येही डोकावते.

अडचण येते ती कर्माच्या जागी वस्तू नसून आख्खं वाक्य असतं तेव्हा. ‘तू येतोस अशी मी कल्पना करते’: ‘इश श्टेले मिर फोर, दास दू कोम्स्ट’. इथे मिर. ‘तू येतोस याचा मला आनंद आहे’: ‘इश फ्रॉये मिश, दास दू कोम्स्ट’. इथे मिश. पुढचं वाक्य दोन्हीकडे अक्षर न् अक्षर तेच! मग कसं ओळखायचं? ते आख्खं वाक्य, त्याच्या सुरुवातीच्या ‘की’ या अर्थाच्या दाससकट, काढून त्याच्या जागी दुसरा, नुसता ‘ते’ या अर्थाचा दास ठेवून पाहा. ‘इश श्टेले मिर दास फोर’ हे चालतं. म्हणजे कर्माची जागा भरलेली आहे, स्वतःला मिरच व्हावं लागणार. ‘इश फ्रॉये मिश दास’ हे मात्र चालत नाही, तिथे ‘दारूबर’, म्हणजे ‘त्याबद्दल’, म्हणावं लागतं. कर्माची जागा रिकामी होती, तिथे मिश बसला. ही कसोटी लक्षात ठेवण्याच्या ‘मेर्केन’ला आणि विचार करण्याच्या ‘उबरलेगेन’लाही लागू पडते. तिथे दास सहज बसतो, म्हणून दोन्हींना मिर.

याच जातीचा आणखी एक चकवा आहे. ‘इश एरइनरे मिश आन देन टाग’, मला तो दिवस आठवतो. हुशार विद्यार्थी इथे हटकून चुकतात. ते म्हणतात, देन टाग तर द्वितीया आहे, मग कर्म आलं की, आता मिर हवं. पण ती द्वितीया ‘आन’ या शब्दयोगी अव्ययानं आणली आहे, क्रियापदानं नाही. अव्ययामागून आलेलं नाम कर्माची जागा अडवत नाही. म्हणून मिशच.

आणि काही क्रियापदं अशी आहेत की त्यांना कर्म नसलं तरी मिरच लागतो, कारण ती कोणालाही चतुर्थीतच घेतात. मदत करणं, हेल्फेन, हे त्यातलं. दुखापत करणं, वे टुन, हेही. ‘इश हाबे मिर वे गेटान’, मी स्वतःला लागून घेतलं. इथे हात नाही, पाय नाही, तरी मिर. ही पाठच करावी लागतात, पण ती फार थोडी आहेत. एका ठिकाणी तर खुद्द जर्मनच दोन्ही बोलतात: बोट कापलं तर ‘मिश इन देन फिंगर गेश्निटेन’ चालतं आणि ‘मिर’ही चालतं. तिथे घाबरू नका, दोन्ही बरोबर आहेत.

शेवटी एक प्रसंग सांगते. तिकडे शिकायला गेलेला माझा एक विद्यार्थी सायकलवरून पडला आणि त्याचा हात मोडला. मराठीत आपण म्हणतो, ‘माझा हात मोडला’. वाक्यात हातच कर्ता, आपण नुसते त्याचे मालक. दवाखान्यात काय झालं असं विचारल्यावर त्यानं हेच शब्द जर्मनमध्ये जुळवायला घेतले आणि मध्येच थांबला. मग म्हणाला, ‘इश हाबे मिर देन आर्म गेब्रोखेन’. शब्दशः पाहिलं तर ‘मी मला हात मोडला’. आपल्या कानाला वाटतं, यानं मुद्दाम मोडून घेतला की काय. पण जर्मन कानाला त्यात हेतू ऐकू येत नाही, अपघातानं मोडलेल्या हाताचं रोजचं वाक्य हेच आहे. मोडला तो हात, म्हणून देन आर्म. आणि सोसणारा तो स्वतः, म्हणून मिर. समोरच्या परिचारिकेनं फक्त एवढंच विचारलं, उजवा की डावा?

नमस्कार.