जाहिरात बंद केली तर विक्री किती पडेल?

नमस्कार मंडळी. ऑनलाइन काही विकत असाल तर हा अनुभव तुम्हाला असणारच, की जाहिरातीच्या डॅशबोर्डवर दिसतं एक रुपया टाकला आणि आठ रुपयांची विक्री झाली, पण महिनाअखेरीला बँकेत बघावं तर तेवढा पैसा काही दिसत नाही. मग गेला कुठे? गेला कुठेच नाही, त्यातली बरीच विक्री जाहिरात नसती तरी झालीच असती. गिऱ्हाईक येताना शेवटी जाहिरातीवर क्लिक करून आलं, एवढ्यावरून डॅशबोर्ड सगळं श्रेय जाहिरातीच्या खात्यात टाकून मोकळा होतो. याला म्हणतात अ‍ॅट्रिब्युशन.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटचं आहे, अमेरिकेतलं, 2012 सालचं. तिथे ब्लेक, नोस्को आणि टाडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी आधी एक साधी गोष्ट केली, याहू आणि एमएसएनवर 'ईबे' हा शब्द शोधणाऱ्यांना दाखवायच्या जाहिराती बंद केल्या. झालं काय, तर जाहिरातीवरचे जे क्लिक गेले त्यातले 99.5 टक्के खालच्या फुकटच्या लिंकवरून परत आले! साहजिकच आहे म्हणा, ज्याने ईबेच शोधलंय तो ईबेवरच जाणार ना.

पण खरा प्रश्न होता 'बूट', 'गिटार' असं काहीही शोधणाऱ्यांचा. तिथे सगळीकडे जाहिरात बंद करून चालत नाही, कारण मग विक्री पडली तर ती जाहिरातीमुळे की सीझनमुळे हे कळणार कसं? म्हणून त्यांनी भाग पाडले. अमेरिकेत टीव्ही बाजाराचे 210 विभाग मानतात, त्यातल्या साधारण 30 टक्के विभागांत गूगलवरच्या जाहिराती बंद ठेवल्या, बाकी ठिकाणी चालू. दोनेक महिने. बंद भागांतली विक्री इतकी थोडी हलली की ती शून्यापासून वेगळी आहे असं म्हणता येईना. जुन्या पद्धतीच्या हिशोबात हजार टक्क्यांच्या वर परतावा दिसत होता, या चाचणीत निघाला उणे 63 टक्के, म्हणजे डॉलर टाकला तर 37 सेंटच परत.

आता हे आपण करायचं तर कसं, ते एका काल्पनिक हिशोबावरून बघू. समजा तुमचं दुकान महाराष्ट्रभर माल पाठवतं. काही शहरं बंद गटात, काही चालू गटात. आधीचे तीन-चार महिने बघितले तर बंद गटाची विक्री कायम चालू गटाच्या 40 टक्के असायची. चाचणीच्या महिन्यात चालू गटात विक्री झाली एक कोटी, म्हणजे बंद गटात 40 लाख अपेक्षित, आणि झाली 39 लाख 60 हजार. फरक 40 हजार. त्या शहरांत एरवी जाहिरातीवर एक लाख खर्च व्हायचा आणि डॅशबोर्ड त्यातून आठ लाख विक्री आली असं सांगायचा. म्हणजे रुपयाला आठ रुपये नाही, 40 पैसे, आणि तेही विक्रीतले, नफ्यातले नाहीत.

पण थांबा, हे 40 हजार खरे की योगायोग? त्यासाठी मागच्या अशा महिन्यांचा तोच हिशोब करून बघायचा ज्यात दोन्हीकडे जाहिरात चालू होती, तिथे फरक शून्य यायला हवा. तो जर 50 हजार इकडेतिकडे हलत असेल, तर आपले 40 हजार त्या हलण्यातच बुडाले. तरीही एक गोष्ट कळते बरं का, 40 आणि 50 मिळून फार तर 90 हजार, म्हणजे लाखाचा खर्च बहुतेक निघत नाही, आणि आठ लाख तर नाहीच नाही.

शहरं निवडताना लोक गडबड करतात. पुणे बंद आणि पिंपरी-चिंचवड चालू ठेवलं तर काही अर्थ नाही, माणूस राहतो इथे, काम करतो तिथे. मोबाईल नेटवर तर फोन भलत्याच शहरात दिसतो, त्यामुळे बंद शहरातही थोड्या जाहिराती झिरपतात आणि परिणाम आहे त्याहून कमी दिसतो. म्हणून विक्री मोजताना क्लिक कुठून आला ते बघायचं नाही, पार्सल कुठल्या पिनकोडला गेलं ते बघायचं. गणपतीच्या दिवसांत कोल्हापूरची तुलना इंदूरशी करू नका, दोन्हीकडचा बाजार त्या आठवड्यात वेगळाच असतो. आणि माझं मत विचाराल तर किती आठवडे चालवायचं हे आधीच लिहून ठेवा, नाहीतर दहाव्या दिवशी विक्री जरा पडली की मालक घाबरून जाहिरात चालू करतात आणि सगळंच वाया जातं.

एक मात्र आहे, ईबेचा आकडा आपल्याला जसाच्या तसा लावू नका. ईबे सगळ्यांना माहीत होतं, नेहमीच्या गिऱ्हाइकांवर जाहिरातीचा परिणाम जवळपास नव्हताच, पण नवीन किंवा क्वचित येणाऱ्यांवर तो दिसला. तुमचं नावच कुणाला ठाऊक नसेल तर जाहिरात बंद केल्यावर विक्री चांगलीच आपटू शकते, म्हणून नव्या आणि जुन्या गिऱ्हाइकांची विक्री वेगवेगळी मोजा.