दार उघडल्यानंतरची दोन मिनिटं

(दृश्य: दादर. लाकडी जिना, चढणारी पावलं.)

पावणेसात वाजले की या जिन्यावर चपला वाजायला लागतात आणि पाळणाघरातली पोरं माना वर करतात.

हा 14 महिन्यांचा. दिवसभर मजेत होता, असं मावशी सांगतात. आई दिसली आणि त्याने भोकाड पसरलं. तिने उचलून घेतलं, त्याने तिच्या खांद्यात तोंड खुपसलं. आता बघा, खाली उतरायला धडपडतोय. लाल गाडी राहिलीय ना त्याची.

(दृश्य: खिडकीजवळची मुलगी.)

ही 16 महिन्यांची. आईला तिने पाहिलं आणि मान वळवून पुन्हा डब्याला झाकण लावायला घेतलं.

"किती शहाणी आहे! त्रास म्हणून नाही हिचा," मावशी कौतुकाने म्हणतात.

(दृश्य: झाकण लावणारे हात.)

1960च्या दशकात मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये 26 कुटुंबांच्या घरी वर्षभर जात राहिल्या. मूल वर्षाचं झालं की त्याला आईसोबत एका अनोळखी, खेळण्यांच्या खोलीत बोलवायचं. एक परकी बाई आत येई. आई दोनदा बाहेर जाई आणि दोनदा परत येई. सगळं मिळून वीसेक मिनिटं. आई गेल्यावर मूल किती रडलं, यापेक्षा ती परतल्यावर त्याने काय केलं, याला जास्त महत्त्व होतं.

काही मुलं आईकडे झेपावत, शांत होत आणि पुन्हा खेळायला लागत. ही 'सुरक्षित' अटॅचमेंट, म्हणजे आईशी जडलेलं घट्ट नातं. काही आईला बिलगत, तिलाच झिडकारत, समजूत काही पटत नसे. आणि काही तिच्याकडे बघतच नसत. त्यांच्या घरच्या नोंदींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. मूल कुशीत यायला बघे तेव्हा या आया त्याला दूर सारत. पुढे इतर संशोधकांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले. खेळण्यावर नजर खिळलेली, पण ठोके वाढलेलेच होते.

म्हणून 'शहाणी' या शब्दापाशी आम्ही थांबलो. पण या खिडकीतल्या मुलीवर शिक्का मारायचा नाही. ही खोली तिच्या रोजच्या ओळखीची आहे, ती दमलेलीही असेल. शिवाय आईशी एक तऱ्हा आणि आजीशी दुसरी, असंही असतं. एका संध्याकाळवरून काही ठरत नाही.

1987 साली हेझन आणि शेवर या मानसशास्त्रज्ञांनी हेच प्रकार मोठ्यांच्या प्रेमात शोधले. भांडणानंतर जोडीदार जवळ आला की मोबाईलमध्ये डोकं घालणारी माणसं आपण पाहतोच. लहानपणाशी त्याचा धागा आहे, पण बारीक. मधल्या काळातली नाती तो धागा बदलू शकतात.

(दृश्य: आई.)

आई "चल, उशीर झाला" म्हणत नाही. पर्स खाली ठेवून फरशीवर बसते.

मुलगी वर न बघता झाकण तिच्याकडे सरकवते.