मीटर रिडर आला नाही? मोबाईलवरून फोटो काढून स्वतःच रिडिंग पाठवा

नमस्कार मंडळी! आधी तुमचं विजेचं शेवटचं बिल हातात घ्या. मी महावितरणच्या बिलाबद्दल बोलतोय. मुंबईत बेस्ट, अदानी किंवा टाटाचे ग्राहक असाल तर पद्धत थोडी वेगळी आहे. पण फोटो कसा काढायचा ते तुम्हालाही उपयोगी पडेल.

(स्क्रीनवर बिल)

हे बघा, ‘चालू रिडिंग’ आणि ‘मागील रिडिंग’. दोन्हीकडे आकडे असतील तर काळजी नाही. पण तिथे RNA, INACCS किंवा LOCKED असा शेरा दिसला, तर तुमच्या मीटरचं रिडिंग झालेलं नाही. कुलूप असेल, वॉचमनने आत सोडलं नसेल, किंवा कुणी आलंच नसेल. मग मागच्या वापरावरून सरासरी काढून बिल पाठवलं जातं. FAULTY असा शेरा असेल तर मात्र प्रश्न वेगळा आहे. तिथे मीटरमध्येच बिघाड धरलेला असतो, त्यामुळे मीटर तपासायची तक्रार करा. नुसता फोटो पाठवून भागणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, सरासरी बिल भरलं, पुढच्या महिन्यात हिशोब होईलच की. होतो. पण कसा होतो ते एका उदाहरणात बघू.

समजा, 12 मार्चचं रिडिंग 6214 आहे. एप्रिलला गेटला कुलूप, म्हणून सरासरीने 90 युनिटचं बिल आलं. प्रत्यक्षात 12 एप्रिलला मीटरवर 6374 होते, म्हणजे कूलर-पंख्यांमुळे वापर झाला होता 160 युनिट. 12 मे रोजी रिडर आला आणि त्याला दिसले 6544. आता दोन महिन्यांचे मिळून 330 युनिट झाले. त्यातले 90 तुम्ही भरलेत, म्हणून उरलेले 240 युनिट मे महिन्याच्या एकाच बिलात येऊन पडतात.

इथे एक गोष्ट नीट तपासायची. घरगुती दराचे टप्पे आहेत: 100 युनिटपर्यंत सगळ्यात स्वस्त, मग 101 ते 300, मग 301 ते 500, आणि त्यापुढे सगळ्यात महाग. हे 330 युनिट दोन महिन्यांत वाटून आकारले, तर दर महिन्याला 165 होतात, आणि स्वस्त टप्प्यात दोन्ही महिन्यांचे मिळून 200 युनिट बसतात. तेच एका महिन्याचा वापर म्हणून धरले, तर स्वस्त टप्प्यात फक्त 100 बसतील आणि 30 युनिट थेट तिसऱ्या टप्प्यात जातील. म्हणून असं थकलेलं रिडिंग एकदम आलं की बिलात किती महिने धरलेत आणि स्लॅबचा फायदा दिलाय का, ते बघाच. एप्रिलमध्येच 6374 चा फोटो गेला असता तर हा प्रश्नच आला नसता.

मग पाठवायचं कधी? रिडिंगची तारीख ठरलेली असते, महिन्याच्या 1 ते 25 मधली एक. आदल्या दिवशी नोंदणीकृत मोबाईलवर मेसेज येतो, आणि तेव्हापासून चार दिवसांत रिडिंग पाठवायचं असतं. मुदत टळली की बिल तयार व्हायला लागतं. तुम्हाला असे मेसेज येतच नसतील, तर बहुतेक तुमचा नंबर नोंदलेला नाही. MREG टाइप करा, एक जागा सोडा, बारा अंकी ग्राहक क्रमांक लिहा आणि 9930399303 वर पाठवा.

```
MREG ग्राहक क्रमांक
```

आणि हो, महावितरणचा मेसेज येतो तेव्हा पाठवणाऱ्याच्या नावात MSEDCL असतं. साध्या दहा अंकी नंबरवरून ‘रिडिंग अपडेट नाही, आज रात्री लाईट कापणार, या नंबरवर फोन करा’ असं आलं तर ते चोर आहेत. फोन करू नका, कुठलीही लिंक उघडू नका. घरातल्या आजी-आजोबांना हे आवर्जून सांगा.

आता फोटो. बहुतेक घोळ इथेच होतो, म्हणून जरा सावकाश बघू.

(मीटरचा जवळून शॉट)

इलेक्ट्रॉनिक मीटरचा डिस्प्ले एका जागी थांबत नाही. तारीख येते, वेळ येते, व्होल्टेज येतं, MD येते. आपल्याला हवा आहे तो आकडा, ज्याच्या बाजूला kWh लिहिलेलं असतं. 238 च्या आसपासचा आकडा दिसला आणि बाजूला V असेल, तर ते व्होल्टेज. 2.14 च्या बाजूला नुसतं kW असेल, तर ती MD, म्हणजे कमाल मागणी. h आहे की नाही ते नीट बघा. घाई करू नका, एक पूर्ण फेरी नुसती बघा आणि दुसऱ्या फेरीत kWh आलं की फोटो काढा.

फोटोत दोन गोष्टी एकत्र आल्या पाहिजेत: kWh चा आकडा आणि मीटरचा क्रमांक. सोसायटीच्या मीटर रूममध्ये चाळीस मीटर एका रांगेत असतात आणि खडूने लिहिलेले फ्लॅट नंबर कधीच पुसलेले किंवा चुकलेले असतात. त्यामुळे लेबलवर विश्वास ठेवू नका. बिलावर छापलेला मीटर क्रमांक आणि मीटरवरचा क्रमांक, अंक न अंक जुळवा.

फ्लॅश बंद ठेवा. काचेवर तो पांढरा डाग पडतो आणि नेमका आकडाच झाकतो. अंधार असेल तर कुणाला तरी बाजूने, तिरका टॉर्च धरायला सांगा. काच धुळीने माखली असेल तर बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा. सील, वायर यांना हात लावायचा नाही. मीटर ओलं असेल तर जवळही जायचं नाही.

आता महावितरणच्या ॲपमध्ये Submit Meter Reading वर जा. लॉगिन केलेलं असेल तर थेट पाठवता येतं, पाहुणे म्हणून जात असाल तर मोबाईलवर ओटीपी येतो. आकडा भरताना दशांश चिन्हापुढचं सोडून द्या. 6374.8 दिसत असेल तर 6374 लिहा. काही मीटरवर हे चिन्ह इतकं बारीक असतं की लोक 63748 भरतात, आणि घराचा वापर एका महिन्यात हजारो युनिट होतो!

म्हणून सबमिट करण्याआधी मनातल्या मनात वजाबाकी करा. 6374 वजा 6214, म्हणजे 160. तीस दिवसांना रोजचे पाच-साडेपाच युनिट. उन्हाळ्यातल्या घराला हे पटतं. नवा आकडा मागच्या रिडिंगपेक्षा कमी निघाला, तर नक्की शेजाऱ्याचा मीटर पाहिलाय किंवा चुकीची स्क्रीन टिपली आहे.

पाठवल्यावर पोच येते, तिचा स्क्रीनशॉट ठेवा. मूळ फोटोही डिलीट करू नका, त्यावर तारीख-वेळ असते.

एवढं करूनही सरासरी बिल आलं तर? वीज ग्राहकांच्या हक्कांचे केंद्राचे 2020 चे नियम आहेत. लागोपाठ दोन वेळा मीटरपर्यंत पोचता आलं नाही, तर ग्राहकाने रिडिंग आणि तारीख दाखवणारा फोटो नोंदणीकृत मोबाईलवरून किंवा ईमेलने पाठवावा, अशी सोय त्यात आहे, आणि तसा फोटो दिलेल्या ग्राहकाला अंदाजे बिल पाठवायचं नाही. आधी 1912 वर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्या. मग बिल, फोटोची प्रिंट आणि पोच घेऊन उपविभागीय कार्यालयात जा. अर्जाला विषय द्या ‘बिल दुरुस्तीबाबत’, खाली ग्राहक क्रमांक, मीटर क्रमांक, रिडिंगची तारीख आणि kWh चा आकडा लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-सही घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.