पंचवीस हजार की पावणेसहा हजार? एका फोटोतील गर्दीची मोजणी

[दृश्य: फुटबॉल मैदान, संध्याकाळ. शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरील गॅलरीतून दिसणारी सभा.]

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील एका गावात, शाळेला लागून असलेल्या फुटबॉल मैदानावर ही सभा भरली होती. गावाचे नाव आणि सभेचा विषय आम्ही मुद्दाम सांगत नाही, कारण ते सांगितले की आकड्याची चर्चा बाजूला पडून बाजू घेणे सुरू होते. आयोजकांनी व्यासपीठावरून पंचवीस हजारांची उपस्थिती जाहीर केली. आपल्यासमोर आहे तो संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी काढलेला एक फोटो, आणि प्रश्न एवढाच, की या क्षणी या मैदानात किती माणसे होती.

अशा मोजणीची सर्वांत परिचित रीत १९६० च्या दशकातील आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात पत्रकारिता शिकवणारे हर्बर्ट जेकब्ज यांच्या कचेरीच्या खिडकीतून विद्यार्थ्यांच्या सभांचा चौक दिसत असे आणि त्या चौकाच्या फरसबंदीवर आयत्याच चौकटी आखलेल्या होत्या. काही चौकटींतील माणसे मोजायची, सरासरी काढायची आणि गर्दीने व्यापलेल्या चौकटींच्या संख्येने तिला गुणायचे, एवढीच ती रीत. त्यातून त्यांनी ठोकताळे बसवले: विरळ गर्दीत माणसामागे दहा चौरस फूट जागा, दाट गर्दीत साडेचार आणि अगदी खेटून उभ्या असलेल्या गर्दीत अडीच. आपल्या मापात सांगायचे तर एका चौरस मीटरमध्ये अनुक्रमे साधारण एक, अडीचच्या किंचित खाली आणि सव्वाचार माणसे. हे ठोकताळे उपयोगी आहेत, पण ते प्रत्यक्ष मोजणीची जागा घेऊ शकत नाहीत.

[दृश्य: दुसऱ्या दिवशीचे रिकामे मैदान, चुन्याच्या रेषा.]

आपल्या मैदानावर फरसबंदी नाही, पण चुन्याच्या रेषा आहेत, आणि गोव्यात सभेसाठी फुटबॉलचे मैदान मिळणे ही मोजणाऱ्याच्या दृष्टीने पर्वणीच असते. मात्र पहिली चूक इथेच होते. फुटबॉल मैदान म्हटले की १०५ गुणिले ६८ मीटर हे माप मनात धरले जाते. नियमानुसार मैदानाची लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर यांमध्ये कितीही असू शकते. हे मैदान टेपने मोजले तेव्हा ९२ गुणिले ५५ भरले, म्हणजे ५,०६० चौरस मीटर. ठरावीक माप गृहीत धरले असते, तर एकही माणूस मोजण्याआधीच उत्तर चाळीस टक्क्यांनी फुगले असते. ज्यांवर विसंबता येते ती मापे वेगळी आहेत: गोलच्या दोन खांबांमधील अंतर ७.३२ मीटर, पेनल्टी बॉक्सची खोली १६.५ मीटर आणि रुंदी ४०.३२ मीटर. मैदान लहान असो वा मोठे, ही मापे बदलत नाहीत.

सभेच्या फोटोत या रेषा अर्थातच माणसांच्या पायांखाली झाकल्या गेल्या आहेत. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच गॅलरीतून, त्याच जागी उभे राहून रिकाम्या मैदानाचा फोटो काढला आणि गोलचे खांब व दिव्याचे मनोरे जुळवून दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवले. त्या वेळी मैदानावर चार बांबूही रोवले होते. पेनल्टी बॉक्सच्या बाजूच्या रेषा दोन्ही टोकांना गोलरेषेला जिथे मिळतात त्या जागी एकेक, आणि प्रत्येक बांबूला जमिनीपासून दीड मीटरवर लाल फडके.

जमिनीवरच्या रेषा दिसत असताना फडक्यांची गरज का पडली, हे जरा सावकाश पाहावे लागेल. आपण फोटोत मोजतो ती डोकी, पाय नव्हेत. कॅमेरा जमिनीपासून नऊ मीटर उंच आहे. त्याच्यापासून ५० मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचे डोके त्याच्या पायांशी नव्हे, तर मागे सुमारे ६० मीटरवर असलेल्या जमिनीच्या ठिपक्यावर आलेले दिसते. लांबीतला हा फरक वीस टक्क्यांचा आणि रुंदीतही तेवढाच, म्हणजे क्षेत्रफळात चव्वेचाळीस टक्क्यांचा. जमिनीवरच्या आखणीवरून गर्दीची व्याप्ती मोजली आणि दाटी ठोकताळ्याने धरली, तर आकडा जवळजवळ दीडपट होतो. उलट दाटी त्या आखणीवरून मोजली आणि क्षेत्रफळ टेपने मोजलेले घेतले, तर आकडा सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. या दोन रीतींनी मोजणारे दोघेही प्रामाणिक असूनही त्यांची उत्तरे एकमेकांच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतात. आखणी डोक्यांच्या उंचीवर नेली की हा घोटाळा मिटतो.

[दृश्य: छापलेल्या फोटोवर पट्टी आणि पेन्सिलीने आखल्या जाणाऱ्या रेषा.]

चार फडक्यांनी ४०.३२ गुणिले ९२ मीटरचा आयत फोटोत ठरला. दूरचे अंतर फोटोत आखडलेले दिसते, म्हणून या आयताचे पट्टीने समान भाग पाडता येत नाहीत. इथे शाळेतली भूमिती कामाला येते, कारण आयताचे कर्ण छेदतात तो बिंदू तिरप्या फोटोतही आयताचा खरा मध्यच असतो. त्या मध्यातून गोलरेषेला समांतर रेषा काढली की ९२ मीटरचे खरे दोन भाग होतात. प्रत्येक भागाचे पुन्हा कर्ण काढायचे. चार वेळा असे केल्यावर ५.७५ मीटर खोलीच्या सोळा पट्ट्या मिळाल्या, रुंदीचे आठ भाग केले, आणि प्रत्येक चौकट २९ चौरस मीटरची झाली. संगणकावर हेच काम क्षणात होते. आम्ही ते पेन्सिलीने केले, कारण चूक कुठे झाली हे कागदावर दिसते.

आता गर्दीकडे वळू. ती एकसारखी नाही, म्हणून तिचे तीन भाग पाडले. व्यासपीठासमोर खुर्च्या, त्यांच्या मागे उभी गर्दी आणि कॅमेऱ्याच्या बाजूला विखुरलेली माणसे.

खुर्च्यांचा भाग कॅमेऱ्यापासून सर्वांत दूर असूनही तो मोजायला सर्वांत सोपा ठरला, कारण ओळी मोजता येतात. चाळीस ओळी, ओळीत पंचाहत्तर. मांडव घालणाऱ्या भाऊंना विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, “तीन हजार लावल्या होत्या, परत भरताना दोन मोडक्या निघाल्या.” फोटोतील उत्तराची अशी स्वतंत्र पडताळणी फार क्वचित मिळते. सुमारे सहा टक्के खुर्च्या रिकाम्या दिसतात, म्हणून २,८२० माणसे धरली. आईबापांच्या मांडीवरची मुले आणि ओळींतल्या न दिसणाऱ्या रिकाम्या जागा लक्षात घेता १७५ इकडेतिकडे.

विखुरलेली माणसे तर एकेक करून मोजली. दोघांनी एकमेकांचा आकडा न पाहता मोजणी केली, तेव्हा ६३८ आणि ६७१ मिळाले. म्हणून ६५०, पन्नास इकडेतिकडे.

खरी अडचण मधल्या, उभ्या गर्दीची आहे. ती वीस मीटर खोल आणि पन्नास मीटर रुंद, म्हणजे हजार चौरस मीटर. तिथल्या पाच चौकटी चिठ्ठ्या टाकून निवडल्या. डोळ्यांना आवडतील त्या चौकटी घेतल्या, तर नेमक्या दाट चौकटीच निवडल्या जातात, हा अनुभव आहे. पाच चौकटींत ७१, ५६, ६६, ८१ आणि ४६ डोकी मिळाली. सरासरी ६४, म्हणजे चौरस मीटरला २.२ माणसे, आणि एकूण २,२००.

[दृश्य: मधल्या गर्दीचा मोठा केलेला भाग, अर्धवट दिसणारी डोकी.]

परंतु ही सर्व डोकी दिसत तरी होती का? माणसांत साठ-पासष्ट सेंटीमीटरचे अंतर आहे आणि कॅमेरा ४४ मीटरवर, नऊ मीटर उंच आहे, असे धरून हिशेब केला, तर पुढच्या माणसाच्या वर मागच्याचे फक्त अकरा सेंटीमीटर दिसतात. माणसाचे डोके हनुवटीपासून सुमारे बावीस सेंटीमीटरचे असते, म्हणजे अर्धेच डोके. उंच माणूस आपल्यामागच्या बुटक्याला आणि बाया मागे उभ्या असलेल्या मुलांना पूर्ण झाकतात. नशिबाने कुंपणाच्या भिंतीवर चढलेल्या एका मुलाने बाजूने फोटो काढला होता. त्यात ६६ वाली चौकट ओळखता आली आणि तिथे ७० डोकी मिळाली. म्हणून या भागाचा अंदाज थोडा वाढवून २,३०० केला. एका चौकटीवरून केलेली ही दुरुस्ती कच्ची आहे, हेही नोंदवले पाहिजे.

हीच गणिते व्यासपीठावरून काढलेल्या फोटोला लावली, की असे फोटो मोजणीला का निरुपयोगी असतात ते कळते. कॅमेरा तीन मीटर उंच असेल, तर चाळीस मीटरवर मागच्या माणसाचे दोन सेंटीमीटरच दिसतात. उरतो तो केसांचा काळा समुद्र, ज्यात दोन हजार आणि दहा हजार सारखेच भासतात.

आता चूक किती असू शकते ते पाहू. पाच चौकटींचे आकडे ४६ पासून ८१ पर्यंत पसरलेले आहेत, त्यामुळे सरासरीचीच प्रमाणचूक, म्हणजे ती नमुन्यागणिक साधारण किती हलू शकते याचे माप, ६ निघते. मोठ्या नमुन्यात आपण तिची दुप्पट घेतो. नमुना पाचच चौकटींचा असल्यामुळे पावणेतीनपट घ्यावी लागते, आणि ती ६४ च्या सव्वीस टक्के होते. त्यात झाकलेल्या डोक्यांची आणि कडा ठरवण्यातली शंका धरून आम्ही ७०० माणसे इकडेतिकडे धरली. तिन्ही भागांच्या चुका परस्परांवर अवलंबून नाहीत असे मानून त्यांचे वर्ग मिळवले आणि वर्गमूळ काढले, तर सुमारे ७२५ येतात. बेरीज ५,७७०. म्हणजे ६ वाजून ४० मिनिटांनी या मैदानात ५,००० ते ६,५०० माणसे होती. खुर्च्या आणि विखुरलेली माणसे यांचा हिशेब पक्का आहे, जवळजवळ सगळी अनिश्चितता मधल्या हजार चौरस मीटरची आहे. तिथे पाचाऐवजी पंधरा चौकटी मोजल्या असत्या, तर त्या भागातली नमुन्याची चूक सव्वीस टक्क्यांवरून बारा टक्क्यांच्या आसपास आली असती. आमच्याकडे वेळ होता, पण तिसऱ्या रात्री डोळे थकले.

पंचवीस हजारांचे काय? व्यासपीठामागची जागा वगळली, तर मैदान ४,२९० चौरस मीटर उरते. पंचवीस हजार माणसे मावायची, तर कोपऱ्याकोपऱ्यात, खुर्च्यांच्या जागेसकट, चौरस मीटरला पावणेसहा माणसे उभी राहायला हवीत. पाचच्या पुढे गर्दीतल्या माणसाला स्वतःच्या मर्जीने हलता येत नाही आणि चेंगराचेंगरीचा धोका सुरू होतो. फोटोत मात्र मधल्या गर्दीतून चणेवाला टोपली घेऊन फिरताना दिसतो.

एक फोटो मात्र एकाच क्षणाचा असतो. चार वाजता येऊन सहाला परतलेली माणसे यात नाहीत, आणि सातला आलेलीही नाहीत. दिवसभरात किती जण आले, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी वाटेवर उभे राहून ठरावीक मिनिटांत जाणारी-येणारी माणसे मोजावी लागतात. शिगमोच्या मिरवणुकीला किंवा जत्रेच्या रांगेला म्हणूनच एका फोटोवरून मोजण्याची ही रीत लागू पडत नाही. बाहेर रस्त्यावर, चिंचेखाली आणि स्कूटरवर बसून ऐकणारेही होते. ते फोटोच्या चौकटीबाहेर आहेत, म्हणून ते आमच्या आकड्यात धरलेले नाहीत.